काचेच्या बरणीतील कैरीचे लोणचे दरवर्षी वरूनच का बिघडते, आणि ते बरणी न उघडता कसे ओळखावे

मे महिन्याच्या अखेरीस घातलेले कैरीचे तिखट लोणचे आषाढ-श्रावणापर्यंत उत्तम राहते आणि मग एके दिवशी वरच्या चार-सहा फोडींवर पांढुरका थर दिसू लागतो, ही तक्रार एकाच घरात वर्षानुवर्षे होत असते. कैऱ्या बदलल्या जातात, मसाला बदलला जातो, दुकान बदलले जाते, तरीही बिघाड मात्र दरवेळी वरूनच सुरू होतो. तळाच्या फोडी तेव्हाही घट्ट, रसरशीत आणि खमंग असतात. एकाच बरणीतील, एकाच हाताने कालवलेले लोणचे खाली टिकते आणि वर नासते, याचा अर्थ दोष कैरीत किंवा मसाल्यात नसून बरणीच्या वरच्या आणि खालच्या भागांतील परिस्थितीत आहे. चिनीमातीच्या बरणीत ही परिस्थिती झाकलेली राहते. काचेच्या बरणीचा मोठा फायदा असा की ती बाहेरून वाचता येते, फक्त काय वाचायचे ते ठाऊक हवे.

लोणचे घालून दहा-बारा दिवस झाल्यावर बरणी उजेडात धरून बाजूने पाहिली, तर तिच्यात स्वतंत्र पट्टे पडलेले दिसतात. सर्वांत वर तेल असते. त्याखाली फोडींची दाटी असते, आणि तिच्यातील काही फोडींचे कोपरे तेलात घुसलेले असतात. त्याखाली खार असतो, आणि तळाशी मोहरीची पूड, मेथी व न विरघळलेले मीठ यांचा जाड गाळ बसलेला असतो. आपण भरताना थर लावलेले असोत किंवा नसोत, हे पट्टे आपोआप पडतात, कारण प्रत्येक पदार्थ आपल्या जडपणाप्रमाणे जागा शोधतो. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते, एक लिटर तेलाचे साधारण ९१० ग्रॅम भरते, आणि शेकडा १२ मीठ असलेल्या एक लिटर खाराचे वजन १,०८५ ग्रॅमच्या आसपास जाते. कच्च्या कैरीची फोड पाण्याच्या बरोबरीची किंवा किंचित इकडेतिकडे असते. त्यामुळे ती तेलात बुडते पण खारावर तरंगते, आणि या दोहोंच्या सीमेवर अडकून बसते.

बिघाडाचे मूळ याच सीमेवर आहे. भरताना तेल फोडींच्या वर होते, हे आपण डोळ्यांनी पाहिलेले असते. परंतु त्या वेळी फोडींना पाणी सुटलेले नसते. पुढच्या आठ दिवसांत मिठामुळे कैरीतील पाणी बाहेर येते, खार वाढतो, आणि वाढलेला खार फोडींना खालून वर उचलतो. त्याच काळात मोहरीची डाळ व मेथीची पूड तेल शोषून घेते, त्यामुळे वरचे तेल कमी होत जाते. म्हणजे फोडी वर सरकतात आणि तेल खाली उतरते. भरताना जो पेरभर थर होता, त्यातून तीन आठवड्यांनी फोडींची टोके बाहेर डोकावू लागतात, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत उघड्या राहिलेल्या त्या टोकांवर बुरशी धरते.

याला जोडूनच दुसरे कारण आहे, आणि माझ्या मते ते पहिल्यापेक्षाही अधिक दुर्लक्षिले जाते. मीठ तेलात विरघळत नाही, ते फक्त कैरीच्या पाण्यात विरघळते, आणि मीठ विरघळलेले पाणी जड होऊन खाली जाते. म्हणून न हलवलेल्या बरणीत सर्वांत खारट भाग तळाशी आणि सर्वांत फिका भाग तेलाच्या लगेच खाली असतो. काचेतून हे दिसते: तेलाखाली एक-दोन बोटे पातळ, पिवळसर, जवळजवळ पारदर्शक पाण्याचा पट्टा असेल आणि त्याखाली दाट खार असेल, तर वरच्या फोडींना त्यांच्या वाट्याचे मीठ मिळालेले नाही असे समजावे. अशी फोड आधीच अळणी, त्यात तेलाबाहेर. तिच्यावर बुरशी धरली नाही तरच नवल.

जुन्या रीतीत लोणचे घातल्यावर पहिले आठ दिवस बरणी रोज हलवण्याची किंवा कोरड्या लाकडी डावाने खालवर करण्याची पद्धत आहे, ती याच कारणासाठी. काचेच्या बरणीत लावलेले लाल-पिवळे थर सुंदर दिसतात, ते मोडू नयेत म्हणून अनेक जण बरणी हलवतच नाहीत. ज्यांना थर राखायचेच आहेत त्यांनी निदान मिठाचे वाटप बदलावे: मीठ सर्व थरांवर सारखे न पसरता मोठा वाटा वरच्या थरांसाठी राखून ठेवावा, कारण ते विरघळून आपोआप खाली जाणारच आहे. तळाशी घातलेले मीठ मात्र वर येत नाही. माझा स्पष्ट सल्ला असा की पहिले आठ दिवस थरांचा मोह सोडावा आणि लोणचे रोज हलवावे.

आता मिठाचा हिशेब एकदा नीट मांडू, कारण अंदाजाने घातलेले मीठ हेच बहुतेक घरांतील वार्षिक बिघाडाचे कारण ठरते. बाठीच्या कवचासकट फोडलेल्या, पण आतली कोय काढून पुसून घेतलेल्या एक किलो फोडींसाठी १८० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम मोहरीची डाळ, ७५ ग्रॅम तिखट, २५ ग्रॅम हळद, २० ग्रॅम मेथी, १० ग्रॅम हिंग आणि ३०० मिलिलिटर तेल असे प्रमाण धरले, तर तेल वगळून एकूण वजन १,४१० ग्रॅम होते आणि त्यात मीठ सुमारे १२.८ टक्के पडते. तेल वगळण्याचे कारण वर आलेच आहे: तेलाला मीठ लागत नाही, म्हणून ते हिशेबात धरले तर आकडा फसवा येतो. खारात मुरवलेल्या विकाऊ लोणच्यांसाठी अन्न सुरक्षा व मानके नियमावलीने किमान १२ टक्के मीठ सांगितलेले आहे. आपले लोणचे तेलातील असले तरी तेलाखाली खारच असतो, त्यामुळे घरीही हाच आकडा आधाराला घेणे शहाणपणाचे आहे. तेच मीठ १०० ग्रॅमवर आणले तर टक्केवारी साडेसातवर येते, आणि अशी बरणी बाहेर ठेवून वर्षभर टिकण्याची अपेक्षा करता येत नाही.

तेलाचाही हिशेब बरणीच्या रुंदीवर ठरतो, किलोवर नव्हे. त्याच नियमावलीत तेलातील लोणच्यावर किमान अर्धा सेंटीमीटर तेलाचा थर किंवा एकूण वजनाच्या किमान १० टक्के तेल अशी अट आहे. वर दिलेल्या प्रमाणात तेल १० टक्क्यांहून बरेच अधिक होते, तरीही फोडी उघड्या पडू शकतात, कारण त्यातील मोठा भाग मसाल्यात अडकतो. घरच्या बरणीसाठी म्हणून टक्केवारी न पाहता थरच पाहावा, आणि तोही एक ते दीड सेंटीमीटर असावा. आतून १० सेंटीमीटर रुंद असलेल्या बरणीत एक सेंटीमीटर थरासाठी सुमारे ८० मिलिलिटर तेल लागते; १२ सेंटीमीटर रुंद बरणीत त्याच थराला सुमारे ११५ मिलिलिटर लागते. यावरून हेही लक्षात येईल की पसरट बरणीपेक्षा उंच आणि अरुंद बरणी कमी तेलात अधिक सुरक्षित राहते. मात्र तोंड इतके अरुंद नसावे की डाव आत जाणार नाही.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंनी एक बरणी पाहण्यासाठी आणून दिली. दोन लिटरची, आतून १० सेंटीमीटर रुंद, एक किलो फोडींची. लोणचे घालून तीन आठवडे झाले होते. बाजूने पाहता तेलाचा पट्टा जेमतेम बोटाच्या नखाएवढा उरला होता आणि पाच-सहा फोडींची टोके त्याच्याबाहेर होती. बाहेर आलेला भाग तपकिरी पडला होता, पण त्यावर कापसासारखे किंवा तंतूंसारखे काही नव्हते. तेलाखाली पातळ पिवळ्या पाण्याचा पट्टा स्वच्छ दिसत होता. झाकण उघडल्यावर वास मोहरीचा आणि हिंगाचाच आला, आंबूस किंवा कुबट आला नाही. मिठाविषयी विचारल्यावर काकू म्हणाल्या, “यंदा ह्यांच्या रक्तदाबामुळे हात आखडता घेतला, एकशे दहा ग्रॅमच घातलं.” म्हणजे तेल वगळून १,३४० ग्रॅम वजनात ११० ग्रॅम मीठ, जे ८.२ टक्के होते.

त्या बरणीवर केलेला उपाय असा. सर्व लोणचे कोरड्या, मोठ्या काचेच्या भांड्यात काढले. मीठ तव्यावर कोरडे भाजून, पूर्ण गार करून त्यातील ७० ग्रॅम लोणच्यात कालवले, त्यामुळे प्रमाण १२.८ टक्क्यांवर आले. बरणी गरम पाण्याने धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून पुन्हा भरली. भरताना प्रत्येक थर डावाच्या पाठीने दाबला आणि काचेला लागून दिसणारे हवेचे खिसे लाकडी डावाच्या दांड्याने मोकळे केले. हे खिसे काचेतून चंदेरी ठिपक्यांसारखे दिसतात, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष केले तर त्यांतली हवा नंतर वर येऊन तेल तेवढेच खाली बसते. १२० मिलिलिटर शेंगदाण्याचे तेल धूर येईपर्यंत तापवून, रात्रभर गार करून दुसऱ्या दिवशी वर ओतले, त्यामुळे सुमारे दीड सेंटीमीटरचा थर झाला. पुढचे आठ दिवस बरणी रोज हलवली. दहाव्या दिवशी पाहिले तेव्हा पिवळ्या पाण्याचा पट्टा नाहीसा झाला होता, खार वरपासून खालपर्यंत सारखा दाट दिसत होता आणि वरच्या बऱ्याचशा फोडी थोड्या खाली बसल्या होत्या. फोड मुरते तसे तिच्यातील हवा निघून जाते आणि मीठ आत शिरते, म्हणून ती जड होते; फोडी खाली बसू लागणे ही लोणचे मुरल्याची काचेतून दिसणारी सर्वांत विश्वासाची खूण आहे.

तेल गार करून ओतण्याबद्दल कधीही घाई करू नये. साधी काच कडकडीत तेलाने तडकते, आणि न तडकली तरी कोमट लोणच्यावर झाकण लावल्यास आतल्या वाफेचे थेंब झाकणाखाली व बरणीच्या खांद्यावर जमतात. ते थेंब तेलावर पडतात, तेलातून खाली उतरतात आणि नेमके वरच्या फोडींवर जाऊन बसतात. बरणीच्या आत, तेलाच्या वरच्या रिकाम्या काचेवर दव दिसले तर झाकण काढून स्वच्छ, कोरड्या कापडाने ते पुसावे आणि तोंडाला दादरा बांधून लोणचे पूर्ण निवेपर्यंत तसेच ठेवावे.

वर पांढरे दिसले म्हणजे बुरशीच, असे मात्र नाही, आणि या गोंधळात कित्येक चांगल्या बरण्या फेकल्या जातात, तर काही वाईट बरण्या खाल्ल्या जातात. पांढरेपणा तीन प्रकारचा असतो. पहिला थिजलेल्या तेलाचा. शेंगदाण्याचे तेल थंडीत गढुळते आणि फ्रिजमध्ये त्याच्या पांढुरक्या गुठळ्या होतात. परदेशातील थंड स्वयंपाकघरात ठेवलेल्या बरणीबद्दल येणाऱ्या तक्रारींत हे कारण आधी तपासावे. बरणी काही तास उबदार खोलीत ठेवली की तेल पुन्हा स्वच्छ होते आणि शंका मिटते. दुसरा मिठाचा. तेलाच्या रेषेच्या वर काचेला खार लागून सुकला की तेथे बारीक, कडक, चमकणारे कण धरतात; ते बोटाला खरखरीत लागतात आणि पाण्याच्या थेंबात विरघळतात. तिसरा खऱ्या वाढीचा. ही वाढ मऊ असते, उबेने विरघळत नाही, पाण्यातही विरघळत नाही, आणि ती सुरकुतलेल्या सायीसारखी किंवा कापसाच्या तंतूंसारखी दिसते. काही दिवसांनी तिच्यावर हिरवट, काळा किंवा गुलाबी रंग चढतो.

तंतू दिसले किंवा रंग दिसला, तर त्या बरणीतील लोणचे टाकून द्यावे, असे मी कोणताही आडपडदा न ठेवता सांगेन. वरच्या फोडी काढून बाकीचे उकळून वापरण्याची सवय बऱ्याच घरांत आहे, पण बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात, त्यांतील काही जातींची विषे उकळण्याने जात नाहीत, आणि बुरशी लोणच्यातील आंबटपणा खाऊन कमी करते. लोणच्याचे खरे संरक्षण त्या आंबटपणात आणि मिठात आहे. आंबटपणा ज्या मोजमापाने सांगतात तो पीएच ४.६ च्या खाली असेपर्यंत तेलाखालच्या हवाबंद जागेत घातक जंतू वाढत नाहीत. कच्ची, करकरीत आंबट कैरी या मर्यादेच्या बरीच खाली असते, म्हणूनच ती तेलाखाली वर्षभर सुरक्षित राहते. अर्धी पिकलेली कैरी किंवा कैरीशिवाय केलेले नुसत्या लसणीचे तेलातील लोणचे यांना ही सूट लागू होत नाही.

बुडबुड्यांबद्दलही एक भेद ध्यानात ठेवावा. भरताना अडकलेली हवा एका जागी स्थिर असते. याउलट बारीक बुडबुडे खालून सतत वर येत असतील, तेलाच्या कडेला फेस धरत असेल, झाकण उघडताना फुस्स असा आवाज येत असेल, तर लोणचे फसफसते आहे. पहिल्या आठवड्यात थोडे फसफसणे मीठ कमी पडल्याचे लक्षण असू शकते आणि वास स्वच्छ असेल तर वरील रीतीने मीठ वाढवून ते थांबते. महिन्यानंतर सुरू झालेले फसफसणे, त्यात फोडी मऊ पडलेल्या आणि वास बिघडलेला असेल, तर दुरुस्तीच्या पलीकडचे समजावे.

काच उजेड आत सोडते, ही तिची उणी बाजू आहे. खिडकीत ठेवलेल्या बरणीत उजेडाकडची बाजू काही आठवड्यांत फिकी पडते, कारण हळदीचा रंग प्रकाशाने उडतो, आणि त्याच उजेडाने तेल लवकर खवट होते. बरणी फिरवून पाहिल्यास दोन्ही बाजूंच्या रंगांतला फरक सहज कळतो. म्हणून बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवावी किंवा तिला जाड कापड गुंडाळावे, आणि पाहणीपुरती उजेडात आणावी. पत्र्याचे झाकण असेल तर त्याच्या आतल्या कडेवरही नजर असावी. मीठ आणि आंबटपणा यांनी ते गंजते आणि गंजाचे कण तेलात पडतात, त्यापेक्षा काचेचे किंवा प्लास्टिकचे झाकण बरे.

पाहणीच्या वेळा ठरवून घेतल्या की हा बिघाड हाताबाहेर जात नाही. पहिले आठ दिवस हलवताना रोज पाहणे होतेच. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात एकदा नीट पाहावे, कारण फोडी वर आणि तेल खाली जाण्याचा काळ तोच असतो, आणि मग पावसाळा संपेपर्यंत दर पंधरा दिवसांनी तेलाची रेषा पाहावी. काचेवर बाहेरून तेलाच्या रेषेशी कागदाची एक पट्टी चिकटवून ठेवली तर ती किती उतरली हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. रोजच्या वापरासाठी लोणचे वेगळ्या लहान बरणीत काढावे. मोठ्या बरणीतून फोडी काढल्यावर उरलेल्या फोडी डावाने दाबून तेलाखाली घालाव्यात, आणि तेल कमी वाटले तर तापवून गार केलेले तेल त्याच दिवशी वर घालावे.

ज्यांना पथ्यामुळे मीठ कमीच ठेवायचे आहे, त्यांच्यासाठी तेल वाढवणे हा पर्याय नाही, कारण तेल हवा अडवते पण मिठाचे काम करत नाही. अशा घरी पाव किलो फोडींचे लोणचे लहान बरणीत घालावे, पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्ये ठेवावे आणि महिनाभरात संपवावे. काकूंनी यंदा तसेच केले आहे: घरच्यांसाठी पुरेशा मिठाची मोठी बरणी कपाटात, आणि काकांसाठी कमी मिठाची छोटी बरणी फ्रिजच्या दारात.